ओळखपत्राच्या झेरॉक्सवर तारीख आणि कारण कसं लिहायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात खोली भाड्याने घ्या, गॅसचं कनेक्शन घ्या, मुलाचं नाव क्लासमध्ये घाला किंवा सीताबर्डीतून हप्त्यावर मोबाइल घ्या, "आधारची एक झेरॉक्स द्या" हे वाक्य ठरलेलंच. दिलेला कागद पुढे कोणाच्या फाइलमध्ये, कोणाच्या मोबाइलमध्ये आणि शेवटी कोणाच्या रद्दीत जातो हे आपल्याला कळत नाही. म्हणून कागद हातातून सुटण्याआधी त्यावर आडवी ओळ लिहायची. ती कशी लिहिली म्हणजे खरंच कामाला येते, एवढंच इथे सांगितलं आहे.

ओळीत नेमकं काय लिहायचं?

तीन गोष्टी: कशासाठी, कोणाला आणि कधी. सुरुवात "फक्त" या शब्दाने करा. उदाहरणार्थ:

"फक्त भाडेकरारासाठी, घरमालक (नाव), नंदनवन, नागपूर यांना दिली. १४ जून २०२५."

बहुतेक जण "फक्त केवायसीसाठी" एवढंच लिहून सोडतात. त्याचा उपयोग फार थोडा. केवायसी बँकेतही होतं, कर्ज देणाऱ्या कंपनीतही होतं आणि डीमॅट खात्यालाही लागतं. एका ठिकाणी दिलेला तसा कागद दुसऱ्या ठिकाणी बिनबोभाट चालून जातो. समोरच्याचं किंवा त्याच्या संस्थेचं नाव आलं की हा रस्ता बंद होतो, कारण दुसऱ्या कंपनीच्या टेबलावर तो कागद ठेवताच परक्याचं नाव वाचलं जातं.

तारखेत महिना अक्षरात लिहा आणि वर्ष पूर्ण चार आकडी लिहा. आकड्यांत लिहिलेल्या तारखेत १ चा ९ करायला पेनाची एक गोलाई पुरते, "जून"चं काही करता येत नाही. तारखेनंतर रिकामी जागा उरली असेल तर तिथे आडवी रेघ ओढून टाका, म्हणजे पुढे कोणी "आणि कर्जासाठी" असं जोडणार नाही.

भाषा मराठी चालते. कागद राज्याबाहेरच्या कार्यालयात तपासला जाणार असेल, जसं मोठ्या वित्त कंपन्यांचं होतं, तर हीच ओळ हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. तपासणाऱ्याला वाचता आली नाही तर ती अडवणार तरी कशी?

ओळ कागदावर कुठे लिहायची?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. माणसं कार्डाच्या खाली, कोऱ्या जागेत, नीटनेटकं "फक्त अमुक कामासाठी" लिहून सही करतात. तो कागद साफ करायला दोन मिनिटं लागतात. खालची पट्टी कोऱ्या कागदाने झाकून पुन्हा झेरॉक्स काढली की कार्ड स्वच्छ निघतं. व्हाइटनर लावलं तरी तेच, कारण दुसऱ्या झेरॉक्समध्ये व्हाइटनरचा थर दिसत नाही.

ओळ छापलेल्या मजकुरावरूनच गेली पाहिजे. मग ती खोडणाऱ्याला खालची अक्षरंही खोडावी लागतात, आणि ती पुन्हा हुबेहूब बनवणं हे व्हाइटनरचं काम नाही.

आधार कार्डाच्या पुढच्या बाजूला डावीकडे फोटो, त्याच्या उजवीकडे नाव, जन्मतारीख, लिंग आणि तळाशी क्रमांक असतो. ओळ डावीकडून, फोटोच्या खालच्या भागातून सुरू करा. ती खांद्यावरून जावी, चेहऱ्यावरून नको. तिथून तिरकी वर चढवत जन्मतारीख आणि नावाच्या ओळींवरून न्या आणि उजव्या वरच्या कोपऱ्याकडे संपवा. अक्षरं चार-पाच मिलिमीटर उंचीची ठेवा. बॉलपेनची रेघ बारीक असते, खालचं नाव आणि तारीख आरामात वाचता येते. ओळीच्या वर आणि खाली एकेक समांतर रेघ ओढली की तो पट्टा लगेच नजरेत भरतो.

कोणाला, कशासाठी आणि कधी हे तिन्ही शब्द कार्डाच्या चौकटीच्या आतच यायला हवेत. चौकटीबाहेरचं सगळं कातरता येतं.

मागच्या बाजूला पत्ता आणि क्यूआर कोड असतो. तिथे पत्त्याच्या ओळींवरून लिहा आणि क्यूआरच्या अलीकडे थांबा. क्यूआरवर रेघ गेली आणि समोरच्याला तो खरोखर स्कॅन करायचा असला, तर कागद परत येईल. मागची बाजू कोरी सोडू नका. पत्त्याचा पुरावा म्हणून तीच बाजू चालते, त्यामुळे तिला वेगळी मागणी असते.

सही कुठे करायची? "सेल्फ अटेस्टेड" मागितलं असेल तर?

सही लिहिलेल्या ओळीवरच करा, अशी की सहीचे फटकारे ओळीतल्या दोन-तीन शब्दांना छेदून जातील.

कोऱ्या कोपऱ्यात सुटी सही केलेली झेरॉक्स ही नुसत्या झेरॉक्सपेक्षा जास्त धोक्याची आहे. एकाच कागदावर तुमचं ओळखपत्र आणि सहीचा स्वच्छ नमुना, दोन्ही आयते मिळतात. ती सही कापून, स्कॅन करून दुसऱ्या अर्जावर बसवता येते. ओळीत गुंतलेली सही तशी सुटी काढता येत नाही. "मूळ प्रतीबरहुकूम" किंवा "स्वसाक्षांकित" हे शब्द हवे असतील तर तेही ओळीच्या शेवटी लिहा आणि सही त्यावरून जाऊ द्या. स्वसाक्षांकनाची अट त्याने पूर्ण होते.

कोणतं पेन वापरावं? सगळे निळं सांगतात.

सहीला निळं, कारण ती मूळ शाईतली आहे, झेरॉक्सची नाही, हे बघणाऱ्याला कळतं. ओळ मात्र काळ्या बॉलपेनने लिहा. कागद रंगीत स्कॅन केला की निळी शाई आणि काळी छपाई हे दोन वेगळे रंग म्हणून पकडता येतात, आणि फोटो दुरुस्त करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये निळा तेवढा फिका करता येतो. काळ्या अक्षरांवर काळीच ओळ असली की असं वेगळं करता येत नाही.

जेल पेन टाळा. झेरॉक्सची काळी पावडर कागदावर वितळून चिकटलेली असते, तिच्यावर जेलची शाई लवकर सुकत नाही आणि बोट लागलं की पसरते. फोटोसारख्या गडद भागावर बॉलपेनही कधीकधी घसरतं. तिथे पुन्हा एकदा दाबून गिरवा. घासून खोडता येणारी पेनं हल्ली मुलांच्या कंपासमध्ये असतात, ती तर अजिबात नको. त्यांची शाई उष्णतेने नाहीशी होते आणि झेरॉक्स किंवा लॅमिनेशनच्या मशीनला उष्णतेची कमी नसते.

कार्ड एवढंसं, त्यावर इतकं सगळं मावणार कसं?

झेरॉक्स मोठी काढायला सांगा. कार्डाचा मूळ आकार साधारण ८.५६ बाय ५.४ सेंटिमीटर असतो. झेरॉक्स मशीनवर १४१ टक्क्यांचं ठरलेलं बटण असतं, ए-५ चा कागद ए-४ करायला वापरतात ते. त्यावर कार्ड सुमारे १२ बाय ७.६ सेंटिमीटरचं होतं. पुढची-मागची दोन्ही बाजू एका ए-४ कागदावर एकाखाली एक आरामात बसतात आणि ओळीला ऐसपैस जागा मिळते. दुकानदाराला "दोन्ही बाजू एकाच पानावर, एकशे एक्केचाळीसवर" एवढं सांगितलं की पुरतं. पैसे तेवढेच.

बऱ्याच कामांसाठी मागची बाजू लागतच नाही. नुसत्या ओळखीसाठी मागितलं असेल तर पुढचीच बाजू द्या. पत्ता हा स्वतंत्र आणि मोलाचा तपशील आहे.

एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवा.

गोंदियाहून आलेली एक विद्यार्थिनी मेडिकल चौकाजवळ नंदनवनात खोली घेते आहे. ब्रोकर म्हणतो, "आधारच्या तीन झेरॉक्स आणा, सही करून." सवयीप्रमाणे तीन कोऱ्या प्रती सही करून ब्रोकरच्या हातात जातात. त्याऐवजी तिने आधी विचारायचं की तीन कशाला. उत्तर बहुधा असं येतं: एक घरमालकाला, एक पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायला, एक "माझ्याकडे फाइलला".

पहिल्या प्रतीवर: "फक्त भाडेकरारासाठी, घरमालक (नाव), नंदनवन, नागपूर. १४ जून २०२५. प्रत १."

दुसऱ्या प्रतीवर: "फक्त भाडेकरू नोंदीसाठी, पोलीस ठाणे, नंदनवन. १४ जून २०२५. प्रत २."

तिसरी प्रत ब्रोकरची. त्याला ओळख पटवायची असेल तर मूळ कार्ड बघून परत देता येतं, प्रत ठेवायचं कारण नाही. तरी तो अडून बसला आणि खोली हवीच असेल, तर फक्त पुढची बाजू, क्रमांक झाकून, आणि त्यावर: "फक्त खोली दाखवण्यासाठी ओळख म्हणून, (ब्रोकरचं नाव). १४ जून २०२५. प्रत ३. करार झाल्यावर परत."

मग तिन्ही प्रतींचा मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवायचा. हे काम दहा सेकंदांचं आहे आणि सगळ्यात जास्त वगळलं जातं. उद्या एखाद्या कर्जाच्या फाइलमध्ये तिची झेरॉक्स निघाली, तर त्या ओळीच्या उरलेल्या खुणा, तिरकसपणा, सही कुठून गेली आहे, हे फोटोशी ताडून कागद तिघांपैकी कोणाकडून फुटला ते सांगता येतं. तीन कोऱ्या प्रतींच्या बाबतीत ते कधीच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी करावीच लागते आणि ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक टाकून अंगठाही द्यावा लागतो. तो व्यवहार झेरॉक्सच्या बाहेरचा आहे. तिथे लक्ष ठेवायचं ते अंगठा किती वेळा आणि कशासाठी घेतला जातो यावर.

"लिहिलेली झेरॉक्स चालत नाही" असं काउंटरवर म्हणाले तर?

आधी विचारा, "काय वाचता येत नाही?" खरी अडचण असेल तर ती बहुतेक वेळा चेहरा, क्रमांक किंवा क्यूआर झाकला गेल्याची असते. ओळ वर सांगितल्याप्रमाणे काढली असेल तर ही अडचण येत नाही. तरीही सोबत एक कोरी प्रत ठेवावी आणि तिच्यावर त्यांच्यासमोरच, ते सांगतील ती जागा सोडून, ओळ लिहावी. नाकारलेली प्रत परत मागून घ्या आणि फाडा. काउंटरवर टाकून येऊ नका.

बँकेत कर्मचारी मूळ कार्ड पाहून झेरॉक्सवर "मूळ प्रत पाहिली" असा शिक्का मारून सही करतो. त्यासाठी कागदाच्या तळाशी उजवीकडे चार बोटं जागा सोडा. तुमची ओळ आणि त्यांचा शिक्का एकमेकांच्या आड येत नाहीत. "आमच्या नियमात बसत नाही" असं उत्तर आलं तर तो नियम लेखी दाखवायला शांतपणे सांगा. वाद घालण्यापेक्षा शाखाधिकाऱ्यांना भेटलेलं बरं.

काही ठिकाणी मात्र ओळ खरोखर चालत नाही. परीक्षेच्या आणि शासकीय योजनांच्या ऑनलाइन अर्जात स्वच्छ स्कॅनच मागतात. तिथे अधिकृत संकेतस्थळावर स्वतः अपलोड करा, दुसऱ्याच्या हाती फाइल देऊ नका.

आधार क्रमांकही झाकावा का?

कायद्याने आधार क्रमांक लागतोच अशी कामं थोडी आहेत. बाकी ठिकाणी झाका. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतही असंच आहे: जिथे आधारची प्रमाणीकरण प्रक्रिया लागत नाही, तिथे ग्राहकाने दिलेल्या आधार प्रतीवरचा क्रमांक झाकला जाईल हे बँकेने बघायचं आहे.

झाकायची सर्वात चांगली पद्धत म्हणजे मास्क्ड आधार. myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा, आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडा. १२ पैकी पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे असं कार्ड मिळतं. पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष, जसं SURE1990. छापल्यावर त्यावरही तारीख-कारणाची ओळ लिहायचीच. नाव, फोटो आणि पत्ता त्यात तसाच असतो.

हाताने झाकायचं असेल तर झेरॉक्स काढल्यावर स्केच पेन फिरवू नका. कागद उजेडात तिरका धरला की पावडरने छापलेले आकडे शाईखालून चमकतात, आणि मागून उजेड दिला तरी दिसतात. मूळ कार्डावर क्रमांकाच्या जागी कागदाची छोटी पट्टी ठेवा आणि मग झेरॉक्स काढा. जे मशीनने पाहिलंच नाही ते प्रतीत येणार नाही. क्रमांक मागच्या बाजूलाही असतो आणि लांब आधार पत्रावर तर अनेक जागी असतो, हे विसरू नका.

एक बारकावा जुन्या आधार पत्रांचा. सुरुवातीच्या वर्षांतल्या पत्रांवरच्या क्यूआरमध्ये पूर्ण बारा आकडी क्रमांक साध्या मजकुरात असायचा. कोणत्याही क्यूआर वाचणाऱ्या अॅपने तो दिसतो. असं पत्र असेल तर आकडे झाकून क्यूआर उघडा ठेवणं व्यर्थ आहे. स्वतःच्या मोबाइलने एकदा स्कॅन करून बघा. आकडे दिसले तर नवीन कार्ड डाउनलोड करून तेच वापरा. नव्या क्यूआरमध्ये क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे असतात, पण नाव, पत्ता आणि फोटो असतोच.

पॅन कार्डाचं काय?

पॅनला मास्क्ड प्रत नाही आणि मागणाऱ्याला बहुतेक वेळा क्रमांकच हवा असतो. म्हणून पॅनवर ओळीचं महत्त्व जास्त. इतवारीत दोन लाखांच्या वर सोनं घेतलं तर पॅन द्यावंच लागतं. तिथे "फक्त सोने खरेदी, बिल क्रमांक अमुक, (पेढीचं नाव), तारीख" असं बिल क्रमांकासकट लिहा. पॅन आणि आधारच्या प्रती एकाच कागदावर शेजारीशेजारी काढू नका. कर्जाचा किंवा जीएसटी नोंदणीचा खोटा अर्ज भरणाऱ्याला नेमकी हीच जोडी लागते, ती एका कागदावर आपण कशाला द्यायची?

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला सांगतात. तिथे ओळ कशी लिहायची?

सर्वात भरवशाचं म्हणजे कागदावर झेरॉक्स काढा, पेनने ओळ लिहा आणि त्या कागदाचा फोटो पाठवा. मोबाइलवरच लिहायचं असेल तर फोटो एडिटमध्ये जाऊन ठळक अक्षरात लिहा, सेव्ह करा आणि चित्र म्हणूनच पाठवा. पीडीएफवर वरून चिकटवलेली टीप उघडणाऱ्याला निवडून काढून टाकता येते. क्रमांक झाकायला मोबाइलमधलं हायलायटर वापरू नका. तो अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वर येतात. भरीव काळा चौकोन काढा.

झेरॉक्सच्या दुकानात फाइल पाठवून प्रिंट काढण्याची सवय सगळ्यांना लागली आहे. तिथे आपण ओळीशिवायची, रंगीत, मूळ फाइल एका अनोळखी मोबाइलमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ठेवून येतो. नंतर "डिलीट फॉर एव्हरीवन" केलं तरी डाउनलोड झालेली फाइल जात नाही. मूळ कार्ड नेऊन काचेवर ठेवून झेरॉक्स काढणं त्यापेक्षा सुरक्षित. पेनड्राइव्हवरून किंवा फोनवरून प्रिंट काढावीच लागली तर स्क्रीनकडे बघत राहा, फाइल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही समोर काढून घ्या. बिघडलेली, तिरकी आलेली, अर्धी फिकी प्रत ट्रेमध्ये किंवा टोपलीत पडू देऊ नका, ती मागून घ्या.

ओळ लिहिली म्हणजे गैरवापर होणारच नाही का?

तसं नाही. क्रमांक वाचणाऱ्याला तो वाचताच येतो. वेळ आणि कॉम्प्युटर हाताशी असलेला माणूस ओळ पुसूही शकतो. ओळीने दोन गोष्टी होतात: तोच कागद उचलून दुसऱ्या कामाला लावण्याची सोपी वाट बंद होते, आणि कागद कोणाच्या हातून गेला याची खूण राहते. फाइलमधून उचललेल्या झेरॉक्सचा वापर करणारे बहुतेक जण सोपी वाटच शोधतात.

अंगठा आणि ओटीपीने होणाऱ्या व्यवहारांवर ओळीचा काहीच परिणाम नाही. मोबाइल सिमसाठी कागदी केवायसी १ जानेवारी २०२४ पासून बंद झालं. तिथे आता "अंगठा नीट आला नाही, परत ठेवा" या वाक्याकडे लक्ष द्यायचं. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघू शकतं.

असं लिहायला सरकारने सांगितलं आहे का? कायद्यात त्याला किंमत काय?

ओळ लिहिलीच पाहिजे असा नियम नाही, लिहू नये असाही नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा असं पत्रक काढलं होतं. दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा असं सांगण्यात आलं. ही ओळ त्या सावधगिरीतच बसते.

कायद्यात तिची किंमत पुराव्याची. "फक्त भाडेकरारासाठी" लिहिलेला कागद कर्जाला वापरला, तर तुमची संमती तेवढ्यापुरतीच होती हे कागदच सांगतो. ती ओळ पुसून कागद वापरला तर प्रकरण बनावट दस्तऐवजाकडे जातं. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

"ही प्रत १५ दिवसच वैध" असं लिहावं का?

हरकत नाही. समोरच्यावर ते बंधनकारक होईलच असं मानू नका, पण सहा महिन्यांनी आलेल्या अर्जाला ती जोडलेली दिसली तर तपासणाऱ्याला थांबायला कारण मिळतं.

आजवर कोऱ्या प्रती वाटून झाल्या आहेत. आता काय?

त्या परत येणार नाहीत, पण त्यांचा वापर झाला असेल तर तो दिसतो. एक संध्याकाळ काढा आणि पुढच्या चार जागा तपासा.

sancharsaathi.gov.in वर स्वतःच्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत ते बघा. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवता येतं. आपल्या राज्यात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात.

क्रेडिट रिपोर्ट मागवा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. नुसता स्कोअर बघून थांबू नका. खात्यांची यादी आणि "चौकशी" हा भाग वाचा. न केलेल्या अर्जाची चौकशी दिसली की कोणीतरी तुमच्या पॅनवर कर्ज मागितलं, ते मिळालं नसलं तरी.

gst.gov.in वर करदाता शोधण्याच्या पानावर पॅन टाकून तुमच्या नावावर जीएसटी नोंदणी आहे का ते बघा. व्यवसाय नसताना नोंदणी निघाली तर ती खोट्या बिलांसाठी वापरली जात असण्याची दाट शक्यता असते, आणि नोटीस तुमच्या दारात येते.

आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास बघा, मागच्या सहा महिन्यांत कुठे-कुठे वापर झाला ते दिसतं. तिथेच बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. अंगठा द्यायच्या दिवशी तेवढं उघडायचं.

काही सापडलं तर आधी कुठे जायचं?

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा, मग cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. कर्ज किंवा खोटी नोंदणी निघाली असेल तर संबंधित बँकेला किंवा कंपनीला लेखी मागणी करा की अर्जासोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीची नक्कल दाखवा. ही मागणी तक्रारीच्या पहिल्याच पत्रात हवी, कारण पुढचं सगळं त्या प्रतीवर ठरतं. ती मोबाइलमध्ये जपलेल्या फोटोंशी लावून बघा. ओळीचा एखादा तुकडा, सहीची एक वेलांटी किंवा "प्रत ३" मधला अर्धा आकडा उरला असेल, तर दोन्ही चित्रं छापून तक्रारीला जोडा आणि ती प्रत कोणत्या तारखेला कोणाला दिली होती ते नावासकट लिहा. हद्द कुठलीही असो, जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. सोबत क्रेडिट कंपनीकडे वादाची नोंद करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे, म्हणून नोंदीची पावती आणि तारीख सांभाळून ठेवा.